गोड पाण्याचं झाकण

भनपुरीच्या बाजारात मी आयुष्यभर मासे विकले. आम्ही जातीचे ढीवर. माझ्या सासऱ्याचे वडील भंडाऱ्याकडून रायपूरला आले, कारण इथे तळी पुष्कळ होती. तळं ठेक्यानं घ्यायचं, पावसाळ्यात त्यात जिरं सोडायचं, म्हणजे माशाची बारीक पिल्लं, आणि मोठी झाली की ओढ जाळं टाकून काढायची. मला चौथीपर्यंत शाळा झाली. कतला, रोहू, मृगल ओळखायला शाळा लागत नाही.

मग तळी गेली. काही बुजली, काहींत कारखान्यांचं पाणी आलं, काहींच्या काठाला रेलिंग आणि दिवे लागले आणि आम्हाला जाळं घेऊन उतरायची बंदी झाली. माझा नवरा बीरगांवला लोखंडाच्या भट्टीवर कामाला लागला. पाण्यात वाढलेला माणूस. संध्याकाळी घरी आला की कानातून, नाकातून काळी धूळ निघायची. पुढे धूळ छातीत बसली. शेवटी शेवटी तो खाटेवर बसूनच झोपायचा, कारण आडवं झालं की श्वास लागायचा. तो मेला तेव्हा माझा मुलगा बापाच्या मातीवरून आला आणि म्हणाला, "आई, मी उपाशी मरीन, पण भट्टीत नाही जाणार."

मी म्हटलं, "उपाशी मरणं सोपं नाही. काहीतरी पहा."

त्याचं लग्न झालं होतं. सून इथलीच, छत्तीसगढी केवटाची पोरगी. मला दाई, म्हणजे आई, म्हणते, आणि पटलं तरी हव, म्हणजे हो, नाही पटलं तरी हव म्हणते. तिचा हव ऐकून समजून घ्यावं लागतं.

बाजारात ओडिशाकडून बर्फाचे ट्रक येतात. त्यातल्या एका ट्रकवाल्यानं मुलाला सांगितलं की महानदी समुद्राला मिळते तिथे एका गावात एका माणसाची घेरी आहे. घेरी म्हणजे खाडीच्या चिखलात बांध घालून केलेलं तळं. ती पिकवायला जाणकार माणूस हवा आहे, मासा अर्धा-अर्धा. मुलगा त्या दिवशी घरी आला तो जमिनीवरून चालत नव्हता.

"तळंच आहे ना आई. आपलंच काम आहे."

सून म्हणाली, "हव."

मीही गेले. इथे एकटी राहून काय करणार होते? निघताना शेजारीण म्हणाली, "आजी, तुमची खारून नदी शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला. म्हणजे तुम्ही आपल्याच पाण्यामागं चाललात." मला ते ऐकून बरं वाटलं होतं. त्या पाण्याचा पुढे काही उपयोग झाला नाही.

होळी झाल्यावर आम्ही तिथे पोचलो. नदीचं मुख म्हणजे मला वाटलं होतं, नदी येते आणि समुद्रात पडते, नळाचं पाणी बादलीत पडतं तसं. तसं काही नव्हतं. कुठे नदी संपते आणि कुठे समुद्र लागतो हे कोणाला दाखवता येणार नाही. सगळीकडे राखाडी चिखल, फाटे फुटलेलं पाणी, आणि काठाला खारफुटीची झाडं. त्या झाडांची मुळं चिखलातून वर आलेली, जशी कोणी पुरलेली माणसं बोटं बाहेर काढून बसली आहेत. पाणी दिवसातून दोनदा चढायचं, दोनदा उतरायचं. सकाळी जिथे होडी तरंगत होती तिथे दुपारी ती चिखलात कलंडलेली असायची. आमचं तळं कधी असं हललं नाही. पहिले काही दिवस मला चक्कर आल्यासारखं व्हायचं.

आमची घेरी म्हणजे खाडीचा एक फाटाच होता. त्याच्या तोंडाशी बांध घातला होता आणि बांधात एक लाकडी दार. दार म्हणजे दोन खांबांच्या खाचांत एकावर एक बसवलेल्या आडव्या फळ्या, आणि आत बांबूच्या काड्यांची चौकट. आत फाट्याच्या कडेला तोडलेल्या झाडांचे खुंट अजून होते. पायाला लागायचे.

तिथे आमची ओळख झाली ती एका म्हातारीशी. माझ्याच वयाची असेल, किंवा उन्हानं तशी दिसत असेल. चिखलात गुडघाभर उतरून लोखंडी आकड्यानं बिळातून खेकडे ओढायची. मी तिला मनात खेकडेवालीच म्हणायचे. तिची हिंदी तुटकी, माझी बाजारातली, पण आमचं जमलं. पहिल्या दिवशी ती बांधावर उभी राहून म्हणाली, "रायपुरवाली, तेरा बेटा मच्छी जानता है?"

"जनम से," मी म्हटलं.

"कौन सा पानी?"

मला प्रश्नच समजला नाही. पाण्याचे प्रकार असतात हे मला माहीत होतं, स्वच्छ आणि घाण. तिनं हात बुडवून बोट चाटलं आणि मलाही चाटायला लावलं. खारट होतं, पण डाळीत मीठ जास्त पडल्यासारखं, तोंड कडू होण्याइतकं नाही. ती म्हणाली, वर गावाकडे गेलीस तर यापेक्षा कमी लागेल, खाली मुखाकडे गेलीस तर जास्त. आणि आज जे इथे आहे ते उद्या इथे नसेल. नदीला जोर आला की समुद्र मागे सरतो, नदी सुकली की समुद्र आत येतो.

ते उन्हाळ्याचे दिवस होते, म्हणून समुद्र आत येत होता. गावातल्या हापशाचं पाणी मचूळ लागायचं. खेकडेवाली म्हणायची, पूर्वी चैतात एवढं नव्हतं, तुम्ही वरचे लोक नदी अडवून ठेवता. एकदा चिखलात एक प्लास्टिकची चप्पल सापडली, ती माझ्यापुढे टाकून म्हणाली, "ले, तेरे रायपुर की है."

मी म्हटलं, "मधे एवढं मोठं धरण आहे. चप्पल उडून आली का?"

"चप्पल रुकती है, पानी रुकता है, तो तू कैसे आ गई?"

"ट्रकनं."

ती खूप हसली. तिला समोरचे दात नव्हते.

पौर्णिमेच्या आधी ती मुलाला म्हणाली की आता उधाण येईल, दार उघड आणि बघ. पौर्णिमा-अमावास्येला भरतीचं पाणी जास्त चढतं, त्याला उधाण म्हणतात. मुलाला वाटलं होतं की जिरं विकत आणावं लागेल, जसं आम्ही रायपूरला पिशव्यांत आणायचो. ती म्हणाली, विकत कशाला, समुद्र आणून देतो.

मी पाहिलं ते खरं सांगते. भरती लागली तसं मुलानं वरच्या फळ्या काढल्या. पाणी आत यायला लागलं. खेकडेवालीनं एका पांढऱ्या ताटलीत ते पाणी घेतलं आणि उन्हात धरलं. त्यात काही नव्हतं. मग दोन काळे ठिपके हलले. डोळे होते ते. बाकीचं अंग काचेसारखं, असून नसल्यासारखं. त्यांच्यामागे आणखी, आणखी. झिंग्याची पिल्लं, आणि चपट्या डोक्याच्या एका राखाडी माशाची, त्याला तिकडे खईंगा म्हणतात. आईबापांनी अंडी समुद्रात टाकली, आणि ही एवढीशी, पोहायची ताकद नसलेली, भरतीवर बसून आत येतात. मी विचारलं, ओहोटी लागली की परत वाहून जात नाहीत का? ती म्हणाली, भरतीला वर उठतात आणि पाण्याबरोबर आत येतात, ओहोटीला खाली चिखलाला चिकटून बसतात. तळाशी ओढ कमी असते. मग पुन्हा भरती आली की पुन्हा उठतात. असं करत करत नदीच्या आत येतात.

मुलगा ताटली घेऊन बराच वेळ बसला होता. "आई, यांना कोणी शिकवलं असेल?"

"कोणी नाही. ज्यांना नाही जमलं त्यांना कोणीतरी खाल्लं," मी म्हटलं.

पण ती इथेच का येतात हे मलाही विचारावंसं वाटलं. खेकडेवाली मुळांमध्ये बसून खेकड्याच्या नांग्यांना सुतळी बांधत होती. तिनं आजूबाजूला हात फिरवला. समुद्रात मोठी तोंडं फार. इथे पाणी उथळ आणि गढूळ, मोठ्याला दिसत नाही आणि मुळांत शिरता येत नाही. त्यात पाणी आज खारं, उद्या अर्धं खारं. समुद्रातल्या मोठ्या माशाला हे सोसत नाही, नदीतल्या माशाला तर नाहीच. ज्याला दोन्ही सोसतं त्याचीच ही जागा. या पिल्लांना सोसतं. आणि खायला भरपूर, कारण झाडांची पानं पडतात, सडतात, त्यावर किडे होतात. नदी गाळ आणते, तो गोड्या पाण्यात नुसता तरंगत असतो. खारं पाणी लागलं की दूध फाटावं तसा त्याचा चोथा होतो आणि खाली बसतो. हा सगळा चिखल त्यानंच झाला. मोठी झाली की पिल्लं समुद्रात परत जातात.

मग ती आमच्या बांधाकडे बघून म्हणाली, "यह नाला भी वैसा ही था. मैं यहीं केकड़ा पकड़ती थी." तिनं कुलूप लावल्यासारखी मूठ फिरवली. बाळंतिणीच्या खोलीला कुलूप लावून आत दुकान टाकलं, असं काहीसं ती म्हणाली. मुलानं ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बांध त्यानं घातला नव्हता. त्याला फक्त भट्टीत जायचं नव्हतं. आणि मला तरी त्याला दोष द्यायची काय हौस होती.

झिंगे वाढले. मी नाही म्हणणार नाही, छान वाढले. जेठात मुलगा पागाचं जाळं फेकून पाच-सहा काढायचा आणि माझ्या तळहातावर ठेवायचा. पट्टे दिसायला लागले होते. पाठीत गच्च. सून चुलीवर मिरची भाजत असायची, तिला तो दुरूनच दाखवायचा. आमच्या झोपडीत त्या दिवसांत पुष्कळ बोलणं व्हायचं. तो म्हणायचा, हे पीक निघालं की मालक पुढच्या वर्षीपण देईल, मग इथेच राहू. सून हव म्हणायची, आणि तो खरा हव होता. ती त्याच्या बापाची खाट अजून विसरली नव्हती. लग्नानंतर वर्षभर तिनंच सासऱ्याच्या थुंकीचं भांडं धुतलं होतं.

मग पावसाळा आला.

आता रायपूरच्या ढीवराला पावसाळा काय असतो ते सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. वैशाखात आमच्या तळ्याला भेगा पडतात. मधे गुडघाभर गाळपाणी उरतं, त्यात मासे श्वासाला तडफडतात आणि बगळे उभे असतात. पाऊस आला की तळं जिवंत होतं. पहिल्या पाण्यात कतला उड्या मारतो. त्या दिवसांत आमच्या लोकांचं एकच काम असतं, पाणी धरायचं. पाट मोकळा करून वळवायचं, बांधावर माती टाकायची, आणि सांडव्याच्या तोंडाला जाळी लावायची, कारण तळं ओसंडलं की मासा त्यावरून पळतो. पावसाचं पाणी बाहेर जाऊ देणारा माणूस आमच्यात वेडा समजला जातो. माझ्या सासऱ्यानं एकदा सांडवा उघडा राहिला म्हणून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं.

श्रावणात तिकडे झड लागली. दिवसरात्र पाऊस, आणि वर नदीला पूर. खाडीचा रंग बदलला, तांबडी झाली. मी हात बुडवून चाटलं तर पाणी गोड. मुलगा खूश होता. घेरी काठोकाठ भरत होती. त्यानं दाराला जादा फळ्या चढवल्या आणि फटींत चिखल भरला. खेकडेवाली डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन बांधावर आली.

"ऊपर का पटरा निकाल. मीठा पानी जाने दे."

"अरे मावशी," मुलगा म्हणाला, "पानी जाएगा तो मच्छी जाएगी."

"चौकट है ना. नहीं जाएगी. ऊपर का पानी निकाल, नीचे का रहने दे."

तो हसला. ती मला हात धरून खाली घेऊन गेली, दाराच्या आतल्या अंगाला. आम्ही दोघी छातीभर पाण्यात उभ्या राहिलो. तिनं माझ्या हातातला लोटा घेतला, पालथा धरून तसाच खाली नेला आणि तळाशी गेल्यावर सुलटा केला. बुडबुडे आले. वर काढून मला चाखायला दिलं. पाणी खारट होतं, उन्हाळ्यातल्यासारखं. मग वरचंच ओंजळीत घेऊन दिलं, ते गोड. एकाच ठिकाणी, हातभर अंतरात. ती म्हणाली, मिठाचं पाणी जड, ते खाली बसतं. पावसाचं हलकं, ते वर झाकण घालतं. बाहेर खाडीत भरती-ओहोटी ते घुसळते, म्हणून तिथे काही होत नाही. तुझ्या मुलानं दार लावलं आहे, इथे कोण घुसळणार? खाली वारा जाणार नाही. झिंगा तळाला राहतो. तळ सडेल.

मी वर येऊन मुलाला सांगितलं. लोट्याचंही सांगितलं.

"आई, पावसाचं पाणी कोणी सोडते का? तू ढीवराची बायको हायेस ना?"

सून म्हणाली, "एक पटरा निकाल के देख लो ना."

"आन मच्छी निकल गई तर? मालकाले काय दाखवू, पटरा?"

"ती इथली हाय," सून म्हणाली. "तिले मालूम असेल."

"ती खेकडे पकडते. मी तीन पिढ्यांचं तळं पाहून राहिलो." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काहून आई, बाबा राहिले असते तर त्यांनी सोडलं असतं का?"

त्याच्या बापानं नसतं सोडलं. हे मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. तो वर गेला आणि फळ्यांवर आणखी चिखल थापला. जे त्याला येत होतं तेच तो करत होता, आणि चांगलं करत होता. आमच्यातला कोणीही आला असता तरी हेच केलं असतं. रायपूरचे सगळे ढीवर बांधावर उभे केले असते तर त्यांनी मिळून चिखल आणला असता.

झड थांबली आणि कडक ऊन पडलं. दोन-तीन दिवस वारा नव्हता. घेरी आरशासारखी. मुलगा म्हणाला, बघ किती छान पाणी दिसतं. मला वास आला. सडक्या अंड्याचा, अगदी हलका. मी म्हटलं तर तो म्हणाला, खुंट सडत असतील.

एका पहाटे सुनेनं हाक मारली. "दाई, ये क्या हो रहा है?"

झिंगे काठाला आले होते. घेरीच्या चारी कडांना, पाण्याच्या रेषेवर, एकमेकांवर. काही तर बांधाच्या ओल्या मातीवर चढले होते. झिंगा असा बाहेर येत नाही. मी एक उचलला, कवच मऊ पडलं होतं. ते खालून पळाले होते, आणि वर होतं गोडं पाणी, ते त्यांना एका झटक्यात सोसत नव्हतं. खाली श्वास नाही, वर मीठ नाही. मधे काठाला येऊन मरत होते.

मुलानं पाहिलं. धावत जाऊन दाराच्या फळ्या उपसायला लागला. फुगून घट्ट बसल्या होत्या, आणि त्याचाच चिखल मधे. पहार घालून त्यानं त्या तोडल्या. पण तेव्हा बाहेरही पुराचं गोडं पाणीच होतं, आणि भरती चढती. आत आलं तेही गोडच. दुपारी वारा सुटला. त्या उकाड्यात दोन-तीन दिवस आम्ही वाऱ्याचीच वाट पाहत होतो. तो आला आणि त्यानं पाणी घुसळलं, तसं तळाचं काळं वर आलं. वास असा की नाकाला पदर लावूनही उभं राहवेना. संध्याकाळपर्यंत खईंगेही उताणे झाले. पांढरी पोटं. बगळे आधी आले, मग घारी, मग कुत्री.

खेकडेवाली आली. मी वाट पाहत होते की ती म्हणेल, मी सांगितलं होतं. ती म्हणाली नाही. तिनं पदर खोचला आणि टोपलीनं मेलेले मासे काढायला लागली. आत राहिले तर आणखी सडेल, म्हणाली. आम्ही तिघी काढत होतो. मुलगा बांधावर बसला होता, गुडघ्यात डोकं घालून. मी त्याला उठ म्हटलं नाही. उठून काय करणार होता?

मालक येऊन पाहून गेला. फार ओरडलाही नाही. दाराची तुटलेली फळी पायानं लोटून म्हणाला, तळ्याचा माणूस आणला ही माझी चूक. माझ्या मुलाला ओरडणं चाललं असतं. हे चाललं नाही.

आम्ही रायपूरला आलो. मी पुन्हा भनपुरीला पाटी घेऊन बसते. आता मासा आंध्रकडून बर्फात येतो, मला फक्त कापायचा आणि तोलायचा. मुलानं काही महिने इकडे तिकडे काढले. कोणाच्या तळ्यावर मजुरीला बोलावलं तर गेला नाही. म्हणाला, पाण्याकडे पाहवत नाही. आणि मग एका सोमवारी तो बीरगांवला गेला. ज्या भट्टीवर त्याचा बाप होता ती नाही, तिच्या पलीकडची. संध्याकाळी घरी आला तेव्हा कानातून काळी धूळ निघत होती. सुनेनं पाणी तापवलं. भट्टीत न जायचा शब्द त्यानं आमच्यापुढे दिला होता, तो मोडताना पाहायलाही आम्हीच होतो.

गेल्या महिन्यात खेकडेवालीचा सुनेला फोन आला. तिच्याकडे फोन नाही, कोणाच्या तरी हातून लावला होता. सुनेनं स्पीकरवर ठेवला. मुलगा दुपारच्या पाळीला निघत होता, बूट घालत होता.

पलीकडून ती ओरडून बोलत होती, जशी बांधावरून बोलायची. आमच्यानंतर घेरी कोणी घेतली नाही. मोठ्या उधाणात दाराशेजारी बांध फुटला, कोणी बुजवला नाही. आता फाटा पुन्हा मोकळा आहे, पाणी येतं-जातं. खुंटांजवळ झाडांची नवी रोपं उभी राहिली आहेत. आणि ताटलीत पाणी घेतलं तर दिसतात. "रायपुरवाली, आँख दिखती है, काली काली. बच्चा फिर से आता है."

सून म्हणाली, "हव, मौसी. अच्छा हुआ."

माशाच्या पिल्लांचं बरं झालं, तिच्या खेकड्यांचं बरं झालं. मला त्याचा राग आला हेही खरं.

मुलानं बुटाची नाडी बांधली. "बांध आधी काहून नाही फुटला," तो म्हणाला. मग डबा उचलला आणि खोकत जिना उतरला. तो खोकला मी ओळखते. अजून कोरडा आहे.